भागीदारीतील त्याग प्रमाण आणि लाभ प्रमाण

भागीदार तेच राहून नफा वाटणीचे प्रमाण बदलले, की एकाचा वाटा घटतो आणि दुसऱ्याचा वाढतो. जुन्या वाट्यातून नवा वाटा वजा करून जे उरते तो त्याग. नव्यातून जुना वजा करून जे उरते तो लाभ.

समजा, अ, ब आणि क हे 5:3:2 या प्रमाणात नफा वाटून घेत होते आणि आता तो समान वाटायचे ठरले. तुलनेसाठी सगळे वाटे तिसांशांत मांडावेत. जुने वाटे 15, 9 आणि 6 तिसांश होते. नवे प्रत्येकी 10 तिसांश आहेत. म्हणजे अ 5 तिसांश सोडतो, ब ला 1 आणि क ला 4 तिसांश मिळतात. एकूण त्याग आणि एकूण लाभ जुळलेच पाहिजेत. न जुळल्यास आकडेमोड चुकली असे समजावे.

व्यवसायाची ख्याती आजवर जुन्या प्रमाणात कमावलेली असते, म्हणून वाटा सोडणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. ख्यातीचे मूल्य 3,00,000 रुपये असेल, तर ब चे भांडवल खाते 10,000 रुपयांनी आणि क चे 40,000 रुपयांनी नावे होते. अ चे खाते 50,000 रुपयांनी जमा होते.

साठलेली सामान्य राखीव निधीची रक्कम मात्र बदलापूर्वीच्या नफ्यातली असते. ती वाटायची झाल्यास तिघांच्या भांडवल खात्यांत 5:3:2 या जुन्या प्रमाणातच जमा करावी.