छापील नकाशा आणि उभा फ्लॅट

पुण्याच्या वाकड-पुनावळे पट्ट्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट विक्रीला आहे असं समजू. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘६४० चौरस फूट’ लिहिलंय आणि भाव चौरस फुटाला ९,००० रुपये, म्हणजे ५७ लाख ६० हजार. शेजारी रंगीत फ्लोअर प्लॅन आहे. त्यात सोफा, पलंग, कुंड्या सगळं काढलेलं आहे. घर घेणाऱ्याने आधी त्या चित्रातले आकडे कागदावर उतरवून घ्यावेत.

हॉल १० बाय १५ फूट, स्वयंपाकघर ८ बाय ९, बेडरूम १० बाय १२ आणि १० बाय ११, दोन बाथरूम साडेचार बाय साडेसातच्या, पॅसेज साडेतीन बाय १०. सगळ्यांची बेरीज ५५५ चौरस फुटांच्या आसपास येते. खोल्यांमधल्या भिंतींचे साधारण २२ धरले तर ५७७. उरलेले ६३ कुठून आले? ४५ बाल्कनीचे आणि १८ ड्राय बाल्कनीचे.

२०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया म्हणजे काय हे ठरवून दिलं आहे. फ्लॅटमधल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. महारेराच्या नोंदीत हाच फ्लॅट ५३.६० चौरस मीटरचा दिसेल. त्याला १०.७६ने गुणलं की ५७७ येतात. बाल्कनी उपयोगाचीच असते, पण किंमत ५७७ने भागली तर खरा भाव दहा हजारांच्या जवळ जातो. दोन प्रकल्पांची तुलना करायची तर ती या भावाने करावी, कारण दुसऱ्या बिल्डरने बाल्कनी वेगळी दाखवलेली असू शकते.

यानंतर येतात बांधकामाच्या प्रगतीचे फोटो. ड्रोनने काढलेल्या फोटोत वरचा स्लॅब पडताना दिसतो आणि इमारत आता झालीच असं वाटतं. महाराष्ट्राच्या आदर्श करारनाम्यात पैशांचे टप्पे ठरलेले आहेत : करारनामा झाल्यावर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०. भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या झाल्या की ७५. म्हणजे शेवटचा स्लॅब पडेपर्यंत आपल्या उदाहरणातले ४० लाखांहून जास्त रुपये गेलेले असतात, पण घर राहण्याजोगं करणारं बहुतेक काम बाकीच असतं. ही कामं वेळखाऊ असतात आणि रखडलेले प्रकल्प पुष्कळदा इथेच अडकतात.

म्हणून फोटोत वरचा मजला बघण्याऐवजी खालचे बघावेत. काम नीट चालू असेल तर वर स्लॅब पडत असताना खाली वीटकाम आणि त्याच्याही खाली प्लास्टर सुरू असतं. बारा स्लॅब उभे आणि दुसऱ्या मजल्यावरही भिंत नाही, असं असेल तर कारण विचारायलाच हवं. बिल्डरला प्रगतीची माहिती दर तिमाहीला महारेराच्या संकेतस्थळावर भरावी लागते. ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून, ते काढताना आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि सीए यांचे दाखले द्यावे लागतात. मागच्या दोन-तीन तिमाहींचे दाखले शेजारी ठेवले की कामाचा वेग कळतो. मात्र हे दाखले बिल्डरने नेमलेल्या माणसांचे असतात, त्यामुळे साइटवर जाणं टळत नाही.

भेटीची वेळ घेताना कामाचा दिवस मागून घ्यावा, रविवार नको. रविवारी सँपल फ्लॅट दिसतो, काम दिसत नाही. सँपल फ्लॅटमध्ये कधीकधी दारं बसवलेली नसतात आणि पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो, त्यामुळे तिथे टेप लावून बघावा. साडेसहा फुटांचा पलंग आणि समोर दोन फुटांचं कपाट ठेवलं तर ११ फुटांच्या खोलीत चालायला अडीच फूट उरतात. कपाटाचं दार उघडलं की तेही कमी होतात. मग हेल्मेट घालून आपल्या मजल्यावर जायचा आग्रह धरावा. विटांच्या उघड्या भिंतींमधलं अंतर १० फूट भरलं, तर दोन्ही बाजूंच्या प्लास्टरने ते इंचभर घटणार हे लक्षात ठेवावं. करारनाम्यात कार्पेट एरियात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे इथे जेमतेम १७ चौरस फूट. त्याहून जास्त भरला तर किंमत कमी करून द्यावी लागते.

भेट संपता संपता ‘आजच टोकन द्या, भाव उद्या वाढेल’ असा आग्रह होतो. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. या फ्लॅटसाठी ती मर्यादा ५ लाख ७६ हजार. चेक लिहिण्याआधी मंजूर नकाशाची प्रत मागावी आणि जाहिरातीतल्या प्लॅनशी खोली-खोली ताडून पाहावी. मंजूर नकाशात ती ड्राय बाल्कनी नसेल, तर त्या १८ चौरस फुटांचं उत्तर तिथेच, लेखी घ्यावं.