कुरडई-पापडांची ऑनलाइन विक्री : पार्सलचा खर्च कसा धरावा?

देवपूर येथील बचत गटाच्या भगिनींनो, उन्हाळ्यात तुम्ही केलेले उडदाचे पापड आणि गव्हाच्या कुरडया धुळ्याबाहेर विकायच्या असतील, तर मोबाइलवर फोटो टाकण्यापूर्वी एक हिशेब करून घ्यावा. मालाला मागणी येते, पण पार्सलच्या खर्चात नफा जातो, असा प्रकार या विक्रीत सहज घडतो.

कुरिअर कंपन्या पार्सलचे वजन दोन प्रकारे पाहतात. एक काट्यावरचे आणि दुसरे खोक्याच्या आकारावरून काढलेले. यांपैकी जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि त्यास ५००० ने भागावे, म्हणजे किलोमध्ये वजन येते. काही कंपन्यांचा भाजक वेगळा असतो, म्हणून तो आधी विचारावा.

उदाहरणार्थ, एक किलो पापड २० × २० × १५ सेंमीच्या खोक्यात बसले, तर आकाराचे वजन १.२ किलो येते. कुरडई मात्र पोकळ आणि ठिसूळ. ती दाबून भरता येत नाही. एक किलो कुरडईला ३० × ३० × २० सेंमीचे खोके लागले, तर आकाराचे वजन ३.६ किलो होते. समजा दर किलोला ६० रुपये आहे आणि वजन पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत धरले जाते. मग पापडाच्या पार्सलला ९० रुपये, तर कुरडईच्या पार्सलला २४० रुपये पडतील. दोन्हींसाठी ग्राहकाकडून ९० रुपयेच घेतले, तर कुरडईच्या प्रत्येक पार्सलमागे १५० रुपये खिशातून जातील.

म्हणून बाहेरगावी प्रथम पापड पाठवावेत. कुरडई गावातच घरपोच द्यावी किंवा लहान आकाराची करून नेमक्या मापाच्या खोक्यात भरावी. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक मालाचे निव्वळ वजन व दर लिहावा आणि पार्सलखर्च वेगळा दाखवावा.

पापड पूर्ण वाळल्याशिवाय भरू नयेत. मोडल्यावर तो कटकन तुटला पाहिजे. वाकत असेल तर ओल शिल्लक आहे, अशा मालाला वाटेत बुरशी येते. खाद्यपदार्थ विकण्यासाठी foscos.fssai.gov.in येथे नोंदणी करावी आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा. त्यासोबत घटक, वजन व तयार केल्याची तारीखही द्यावी.

पैसे मिळाल्याचा ग्राहकाने पाठवलेला फोटो हा पुरावा समजू नये. आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याचे पाहूनच पार्सल रवाना करावे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी तो टाकण्यास सांगितले, तर तेथेच व्यवहार थांबवावा.