सहकारी बाळंतपणाच्या रजेवर जाताना शुभेच्छापत्रात काय लिहावं?

मंडळी, जपानी ऑफिसात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. दुपारी कोणीतरी हळूच एक जाड पांढरा पुठ्ठा आपल्या टेबलावर आणून ठेवतं. त्याच्या मधोमध एका सहकारी बाईंचं नाव असतं आणि भोवती पाच-सहा जणांनी बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं असतं. त्या पुढच्या आठवड्यात रजेवर जाणार आहेत, आणि आता आपली पाळी. या पुठ्ठ्याला शिकिशी म्हणतात आणि सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या या शुभेच्छांना योसेगाकी. जपानी बोलता येत असलं तरी नेमकं काय लिहायचं, इथे पेन अडतं.

पहिली गोष्ट म्हणजे हा मजकूर कोणत्या वेळी वाचला जाणार आहे ते लक्षात घ्यायचं. जपानी कायद्यानुसार बाळंतपणाची रजा, म्हणजे सान्क्यू, अपेक्षित तारखेच्या ६ आठवडे आधीपासून घेता येते (जुळं असेल तर १४ आठवडे) आणि जन्मानंतर ८ आठवडे असते. त्यानंतर मूल साधारण वर्षाचं होईपर्यंत संगोपनाची रजा, म्हणजे इकुक्यू, घेता येते. थोडक्यात, शिकिशी हातात पडते तेव्हा बाळ यायला अजून महिना-दीड महिना असतो. म्हणून या मजकुरात अभिनंदनापेक्षा काळजी आणि सदिच्छा जास्त असतात. जन्माची भेटवस्तू देण्याचा रिवाजही बाळ सुखरूप आल्यानंतरचाच आहे. आपल्याकडे पोटात असलेल्या बाळासाठी आधी खरेदी करू नये म्हणतात, तोच भाव.

यासाठी त्यांच्याकडे एक तयार शब्द आहे, आनझान, म्हणजे सुखरूप बाळंतपण. पाचव्या महिन्यात कुत्र्याच्या दिवशी गर्भवतीच्या पोटाला पट्टा बांधण्याची जुनी चाल याच इच्छेची आहे, कारण कुत्रीचं बाळंतपण सोपं असतं असं मानतात. तोक्योतल्या सुइतेन्गू देवळात जोडपी याचसाठी जातात. शिकिशीवर 'आनझान ओ ओइनोरी शिते इमासु' असं लिहिलं की आपल्या 'सुखरूप बाळंत हो' या आशीर्वादाच्या अगदी जवळ जातं, आणि वयाने मोठ्या व्यक्तीलाही ते चालतं.

आता एक उदाहरण घेऊ. नवीन माणूस बहुतेक वेळा असं काहीतरी लिहितो: 'ओत्सुकारेसामादेशिता. युक्कुरी यासुन्दे, हायाकु मोदोत्ते किते कुदासाई. गेन्की ना आकाचान ओ उन्दे कुदासाई.' म्हणजे, 'आजवरच्या श्रमांबद्दल आभार. निवांत विश्रांती घ्या आणि लवकर परत या. सुदृढ बाळाला जन्म द्या.' मनात सद्भावच आहे, पण प्रत्येक वाक्यात थोडा खडा लागतो.

'ओत्सुकारेसामादेशिता' हे काम संपल्यावर म्हणायचं वाक्य. त्यामुळे त्या कायमच्या चालल्या आहेत असा सूर लागतो. 'निवांत विश्रांती घ्या' हे जिने एकदा मूल वाढवलं आहे तिला हसू आणेल, कारण रात्री दर दोन-तीन तासांनी उठणं ही विश्रांती नव्हे. 'लवकर परत या' हे आपल्याला प्रेमाचं वाटतं, पण परतीची तारीख ठरलेली नसते, पाळणाघरात जागा मिळण्यावरही ती अवलंबून असते, आणि वाचणारीला ते मागणीसारखं ऐकू येऊ शकतं. गर्भारपण आणि रजेवरून होणारा त्रास रोखण्याची जबाबदारी २०१७ च्या जानेवारीपासून कायद्याने मालकांवर टाकलेली आहे, त्यामुळे ऑफिसं याबाबतीत जपून असतात. 'कामाची चिंता करू नका' या वाक्यातही काम आलंच की! शेवटचं 'सुदृढ बाळाला जन्म द्या' अनेक जण सर्रास लिहितात. पण जे तिच्या हातात नाही ते तिच्यावर सोपवल्यासारखं होतं. म्हणून हल्ली पुष्कळ जण शुभेच्छा बाळाच्या प्रकृतीवर न ठेवता आईच्या प्रकृतीवर ठेवतात.

तोच मजकूर आता असा लिहून बघा: 'ओहिरु नो ओशाबेरी, इत्सुमो आरिगातोओ गोझाइमासु. ओकारादा ओ ताइसेत्सु नि, ओदायाका ना माइनिची ओ ओसुगोशी कुदासाई. आनझान ओ ओइनोरी शिते इमासु.' अर्थ असा: 'जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांबद्दल नेहमीच आभार. प्रकृतीला जपा, दिवस शांततेत जावोत. सुखरूप बाळंतपणासाठी प्रार्थना करते.' तीनच वाक्यं आहेत. पहिलं फक्त तुमचं आणि त्यांचं, ते दुसऱ्या कोणाच्या ओळीशी जुळणार नाही. ती आठवण मात्र मीटिंगची किंवा प्रोजेक्टची नको. त्यांनी एकदा छत्री दिली होती, स्टेशनपर्यंत सोबत चालत गेलात, असं काहीही चालेल. दुसरं वाक्य त्यांच्या प्रकृतीसाठी, तिसरं शुभेच्छेचं. कांजी जमत नसेल तर हिरागानात लिहा, कोणी हसत नाही. खाली आपलं आडनाव काताकानात लिहायला विसरू नका.

शब्दांच्या बाबतीत एक पथ्य आहे. वाहून जाणं (नागारेरु), पडणं (ओचिरु), नाहीसं होणं (किएरु) असे शब्द या प्रसंगी टाळतात, कारण ते गर्भपाताची आठवण करून देतात. हवामानाबद्दल किंवा गमतीत लिहितानाही ते चटकन येऊन जातात, म्हणून लिहून झाल्यावर एकदा वाचून घ्या. नाव लाल शाईने लिहू नये. फिकट करड्या शाईचं पेनही नको, कारण पातळ शाई शोकसंदेशाची समजली जाते. शिकिशीवर खाडाखोड फार दिसते आणि आपल्या वाट्याला काडेपेटीएवढी जागा येते, तेव्हा आधी साध्या कागदावर लिहून बघणं बरं.

रजेवर जाणारे बाबा असतील तर हिशेब बदलतो. २०२२ च्या ऑक्टोबरपासून वडिलांना जन्मानंतरच्या ८ आठवड्यांत ४ आठवड्यांपर्यंत वेगळी रजा घेता येते, तीही दोन भागांत, आणि अशी रजा घेणारे आता बरेच दिसतात. त्यांची रजा बहुधा जन्माच्या सुमारास किंवा नंतर सुरू होते. म्हणून पुठ्ठा फिरवणाऱ्याला आधी हळूच विचारा, बाळ आलं का? आलं असेल तर 'गोशुस्सान ओमेदेतोओ गोझाइमासु' हे अभिनंदन आता योग्य जागी बसतं. त्यापुढे 'गोकाझोकु दे योइ जिकान ओ ओसुगोशी कुदासाई', म्हणजे कुटुंबासोबत छान वेळ घालवा, एवढं पुरे. 'बायकोला मदत करा' असं मात्र लिहू नका. मूल त्यांचंही आहे, ते पाहुणे मदतनीस नव्हेत.

शेवटी एक ओळखीची गोष्ट. पुष्कळ जपानी मुली बाळंतपणाला माहेरी जातात, त्याला सातोगाएरी म्हणतात. तुमची सहकारीण माहेरी निघाली आहे हे तिने स्वतः सांगितलं असेल, तर तिच्या गावाचं नाव घालून 'तिथले दिवस सुखाचे जावोत' असं एक वाक्य जरूर लिहा. माहेराला जाणाऱ्या लेकीला काय सांगावं, हे आपल्याला निराळं शिकावं लागत नाही.