अबोल नायकाची कैफियत

व्हिडिओ गेमच्या दुनियेत जे नायक विशेष लोकप्रिय झाले, त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या उभ्या कारकिर्दीत एक वाक्यही उच्चारलेले नाही, ही गोष्ट ज्याच्या रंगभूमीवर नायक मरणोन्मुख असतानाही एखादे पद निगुतीने म्हणून घेतो अशा आपल्या मराठी रसिकाला प्रथमदर्शनी चमत्कारिकच वाटेल. नाट्य आणि कादंबरी या दोन्ही कलांत नायकाचे अंतःकरण त्याच्या वाणीतून उलगडावे असा संकेत आहे. मग ज्या कलेने चित्र, ध्वनी, संगीत आणि कथा ही चारही साधने आपल्या दिमतीस घेतली, तिने नेमकी मध्यवर्ती पात्राचीच जिव्हा का जखडून ठेवावी, हा प्रश्न पोरखेळाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

याचे एक उत्तर काटकसरीचे आहे. १९८६ साली जपानमध्ये युजी होरी यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ रचला, तेव्हा त्याची सगळी सृष्टी, म्हणजे नकाशे, राक्षस, संगीत आणि संवाद, ६४ किलोबाइटांच्या कार्ट्रिजमध्ये बसवावयाची होती. अशा ठिकाणी प्रत्येक अक्षराला भाडे पडते, आणि नायकाला बोलके करणे ही चैन ठरते. त्या नायकाच्या वाट्याला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच शब्द आले, आणि त्यातही राजकन्येने बरोबर नेण्याची गळ घातली असता ‘नाही’ म्हटले, तर ती पुन्हा तोच प्रश्न विचारीत राहते, असा मासलेवाईक न्याय होता. परंतु काटकसरीची ही उपपत्ती अर्धीच खरी आहे, आणि ती का अपुरी पडते हे पाहावयाचे असेल, तर अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हाफ-लाइफ’ या खेळाचे दप्तर उघडले पाहिजे.

त्यातील नायक गॉर्डन फ्रीमन हा सत्तावीस वर्षांचा, एम.आय.टी.चा डॉक्टरेटधारी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ आहे. खेळाच्या आरंभी तो ब्लॅक मेसा नावाच्या भूमिगत प्रयोगशाळेत एका लोंबत्या ट्रामगाडीतून सुमारे पाच मिनिटे नुसता प्रवास करतो, आणि त्या अवधीत खेळाडूने डब्यात येरझारा घालाव्यात, नाहीतर खिडकीतून बाहेर पाहावे, याव्यतिरिक्त त्याला काहीच काम नसते. तिथून पुढे पहारेकरी बोलतात, शास्त्रज्ञ बोलतात, शत्रुपक्षाचे शिपाई आपसांत ओरडून मसलत करतात. फार काय, फ्रीमनच्या अंगातील संरक्षक पोशाखसुद्धा यांत्रिक स्वरात त्याच्या जखमांचा हिशेब त्याला ऐकवितो. बोलत नाही तो एकटा फ्रीमन. खेळ सीडीवर विकला जात होता, नट आणि ध्वनिमुद्रणाची सोय हाताशी होती, आणि कथा लिहिणारे मार्क लेडलॉ हे मुळात कादंबरीकार होते. तेव्हा जागेची किंवा शब्दांची टंचाई होती असे कोणालाही म्हणता येणार नाही. हे मौन समजून-उमजून, तजवीज करून ठेवलेले होते.

त्याचे मर्म या खेळाच्या दृष्टिकोनात आहे. येथे खेळाडू नायकाला बाहेरून पाहत नाही, त्याच्याच डोळ्यांनी जग पाहतो. मुख्य कथेत एकदाही खेळ त्याच्या हातून सोडवून घेऊन त्याला फ्रीमनचा चेहरा दाखविला जात नाही. अशा स्थितीत नायक बोलू लागला, तर तो आवाज कोणत्याही ओठांतून न येता थेट खेळाडूच्या कानामागून आल्यासारखा वाटेल, आणि ज्या क्षणी तो आवाज खेळाडूच्या मनात नसलेली गोष्ट बोलेल, त्या क्षणी एका देहात दोन माणसे नांदू लागतील.

मात्र नायकाचे तोंड बंद केले म्हणजे त्याला व्यक्तिमत्त्व आपोआप मिळते असे नाही. ते कसे घडविले जाते, याचा उत्कृष्ट दाखला नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘हाफ-लाइफ २’च्या अगदी आरंभीच सापडतो. परकीय सत्तेने व्यापलेल्या सिटी १७ या नगरात फ्रीमन रेल्वेगाडीतून उतरतो. स्थानकातून बाहेर पडण्याच्या वाटेवर एक मुखवटाधारी शिपाई आडवा उभा असतो, तो शेजारचा पेयाचा रिकामा डबा आपल्या दंडुक्याने खाली पाडतो आणि फ्रीमनला तो उचलून कचरापेटीत टाकण्याचा हुकूम फर्मावितो. उघड पाहता हा प्रसंग वस्तू उचलावी कशी आणि टाकावी कशी, हे नवख्या खेळाडूला शिकविण्यासाठी आहे. पण डबा हातात आल्यावर खेळाडूसमोर दोन वाटा असतात: निमूटपणे तो पेटीत टाकावा, म्हणजे शिपाई कुत्सितपणे हसून वाट सोडतो, किंवा तोच डबा त्याच्या मुखवट्यावर भिरकावावा, म्हणजे तो दंडुका उगारून पाठीस लागतो. कथेचा पुढचा ओघ दोन्ही बाबतींत तोच राहतो, तरीही ज्याने डबा फेकला त्याचा फ्रीमन आणि ज्याने गिळून टाकलेल्या अपमानासह तो पेटीत टाकला त्याचा फ्रीमन हे एकच गृहस्थ नव्हेत. पुढे खेळातील पराक्रमांना बिरुदे देण्याची प्रथा रूढ झाल्यावर कर्त्यांनी या दोन्ही कृतींना निरनिराळी बिरुदे दिली, एक उद्धटपणाचे आणि दुसरे शरणागतीचे. म्हणजे येथे स्वभावाची परीक्षा होत आहे, याची त्यांना पुरती जाणीव होती.

दुसरे साधन म्हणजे भोवतालची माणसे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या प्रयोगाची पुडोव्हकिन यांनी नमूद केलेली हकिकत चित्रपटाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे: नट मोझ्झुखिन याचा एकच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी आणि एकदा खेळणाऱ्या मुलीशेजारी जोडून दाखविला, आणि प्रेक्षकांनी त्या चेहऱ्यात अनुक्रमे विचारमग्नता, शोक आणि आनंद वाचून नटाच्या अभिनयाची वाखाणणी केली. फ्रीमनच्या बाबतीत तो निर्विकार चेहराही काढून घेतलेला आहे. उरले आहेत ते फक्त शेजारचे तुकडे. बार्नी हा जुना सोबती भेटताच मागे कबूल केलेल्या बिअरची आठवण काढतो, आणि फ्रीमनला एकाएकी स्नेहाचा भूतकाळ प्राप्त होतो. अ‍ॅलिक्स ही तरुणी पहिल्याच भेटीत त्याच्या मितभाषीपणावर टिप्पणी करते, आणि खेळाची जी सक्ती होती ती स्वभावाची खूण होऊन बसते. प्रयोगशाळेत खेळाडूने एक खटका दाबला की बार्नी त्याच्या एम.आय.टी.च्या शिक्षणाचे सार्थक झाले अशा अर्थाची कोपरखळी मारतो. वास्तविक ही थट्टा फ्रीमनची जितकी आहे तितकीच, पदार्थविज्ञानाचे ओ की ठो ठाऊक नसताना डॉक्टरेटच्या झुलीखाली खटके दाबीत हिंडणाऱ्या खेळाडूचीही आहे. हे संवाद लिहिणे मोठे जिकिरीचे काम असते, कारण ज्याला उत्तर दिलेच पाहिजे असा प्रश्न कोणी विचारता कामा नये. म्हणून एक पात्र विचारते तोच दुसरे मध्ये तोंड घालते, किंवा प्रश्नकर्ताच उत्तर गृहीत धरून पुढे सरकतो.

तिसरे साधन सर्वांत सूक्ष्म, आणि माझ्या मते निर्णायक आहे: नायकाला कोणत्या कृतीची मुभा द्यावी आणि कोणती नाकारावी. पहिल्या खेळात फ्रीमन निरपराध शास्त्रज्ञावरही गोळी झाडू शकत असे. तो शास्त्रज्ञ पुढचे दार उघडण्यासाठी आवश्यक असला, तर मात्र पडद्यावर, हाताशी असलेल्या माणसांचा उपयोग करून घेण्यात फ्रीमन अपयशी ठरला, अशा आशयाचा कोरडा सरकारी शेरा उमटून खेळ तिथेच संपे. दुसऱ्या खेळात बंदूक मित्रावर रोखली की तिची नळी आपोआप खाली झुकते, आणि मित्राला इजा करणे अशक्य होते. एक शब्दही न उच्चारता सहा वर्षांत फ्रीमन संभाव्य खुन्याचा सज्जन झाला, आणि हे स्वभावपरिवर्तन एका लेखणीने नव्हे तर एका प्रतिबंधाने घडविले. मौन नायकाला कोरी पाटी म्हणण्याची जी पद्धत पडून गेली आहे, ती यामुळे मला मान्य होत नाही. पाटीच्या कडा आधीच आखून दिलेल्या असतात, आणि खेळाडू लिहितो ते त्या चौकटीतच.

त्या चौकटीत किती जागा असते, हे रॉस स्कॉट या कलावंताने २००७ साली सुरू केलेल्या ‘फ्रीमन्स माइंड’ या चित्रफितींच्या मालिकेने दाखवून दिले. त्याने पहिला खेळ अथपासून खेळत जाऊन फ्रीमनचे मनोगत आपल्या आवाजात भरले, आणि त्यातून जो फ्रीमन अवतरला तो आत्मप्रौढ, संशयी, चिडका आणि सहकाऱ्यांना तुच्छ लेखणारा निघाला. जगाचा त्राता म्हणून ज्याला हजारोंनी मनोमन पूजले, त्याच त्या कृतींवर हा विक्षिप्त इसमही चपखल बसतो, आणि खेळातील एकही प्रसंग त्याला खोटा पाडीत नाही. दोघांपैकी खरा कोणता, हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

आपल्या काव्यशास्त्राशी परिचय असलेल्या वाचकाला या ठिकाणी भट्टनायकाच्या साधारणीकरणाची आठवण होईल, आणि ती अस्थानी नाही. रामाची रती ही एका रामाची न राहता रसिकमात्राची होते, तसेच हे वरकरणी दिसते. पण एक मोठा भेद आहे. रसिकाने काही केलेले नसते, म्हणून त्याच्या आस्वादाला अपराधाचा स्पर्श नसतो. खेळाडूने मात्र केलेले असते. १९९५ सालच्या ‘क्रोनो ट्रिगर’ या जपानी खेळात हा भेद न्यायासनासमोरच मांडला आहे. जत्रेत हिंडताना खेळाडू सहज म्हणून कोणाच्या जेवणाच्या डब्यावर हात मारतो, किंवा धडक लागून पडलेल्या मुलीची विचारपूस करण्याआधी तिचे घरंगळलेले पदक उचलतो; पुढे अबोल नायक क्रोनो याच्यावर राजकन्येच्या अपहरणाचा खटला उभा राहतो, आणि जत्रेतील त्याच क्षुल्लक कृती त्याच्या शीलाचा पुरावा म्हणून, साक्षीदारांसह, सात पंचांपुढे येतात. खेळाडूला जो ओशाळेपणा वाटतो तो क्रोनोविषयी नसतो, कारण क्रोनोच्या नावे केलेला तो कारभार सर्वस्वी त्याच्याच मुखत्यारीत झालेला असतो.

या पद्धतीला मर्यादाही आहे, आणि ती कोठे येते हे ओळखणे सोपे आहे: जिथे कोणीही जिवंत माणूस काहीतरी बोललाच असता, आणि खेळाडूला बोलण्याऐवजी करण्यासारखे काहीच नसते, तिथे मौन हे संयम न वाटता निर्दयपणा वाटू लागते. समोर कोणी आपले दुःख सांगत असताना फ्रीमन टेबलावर उड्या मारीत असतो किंवा खोकी फेकीत असतो, आणि समोरच्याला त्याचे सोयरसुतक नसते, हा अनुभव प्रत्येक खेळाडूने घेतला आहे. २००७ सालच्या ‘एपिसोड टू’च्या अखेरीस अ‍ॅलिक्सच्या डोळ्यांदेखत तिच्या पित्याचा, एलाय व्हान्सचा, वध होतो, तेव्हा कर्त्यांनी फ्रीमनलाही शत्रूच्या अदृश्य शक्तीने जखडून ठेवले आहे, म्हणजे त्याच्या निष्क्रियतेला निदान एक सबब मिळते. तरीही त्यानंतर ती पित्याच्या शवाला कवटाळून आक्रोश करते, आणि तिला सांत्वनाचा शब्द कोणी देत नाही. पडदा काळा होतो. माझ्या मते येथे हे तंत्र आपल्या अखेरच्या टोकाला पोचून मोडले.

व्हॉल्व्हलाही तसेच वाटले की काय, याचा निर्वाळा मी देणार नाही. पण १३ वर्षांनी, २०२० साली, ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ आला, त्यात खेळाडू अ‍ॅलिक्सच्या डोळ्यांनी पाहतो, आणि अ‍ॅलिक्स बोलते, कानातील यंत्रावरून रसेल नावाच्या सहकाऱ्याशी तिचे चेष्टामस्करीसह संभाषण चालू असते. तिचा आवाज, तिची विनोदबुद्धी आणि तिचे पितृप्रेम खेळाडूंना आधीच्या खेळांतून पाठ झालेले होते, त्यामुळे तिला मुकी करणे हे खोटेपणाचे ठरले असते. हा निर्णय योग्यच होता. आणि त्याच खेळाच्या शेवटी काही क्षण कारभार पुन्हा फ्रीमनकडे येतो तेव्हा तो मात्र पूर्ववत अबोल आहे, हेही तितकेच योग्य झाले.