डिझेल कोणी जाळलं, पैसे कोणी भरायचे?

मेंटेनन्सच्या बिलात शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवून भांडणं होतात. सेवा शुल्क, सिंकिंग फंड, पाणीपट्टी या रकमा लोक मुकाट्याने भरतात. पण ‘जनरेटर बॅकअप ६०० रुपये’ आणि ‘पार्किंग ३०० रुपये’ असं छापलेलं दिसलं की तळमजल्यावरचे आजोबा चिठ्ठी घेऊन सचिवांच्या दारात उभे राहतात. त्यांच्याकडे गाडी नाही, घरात जनरेटरची लाइन नाही आणि लिफ्टचं बटण त्यांनी वर्षात दोनदा दाबलं असेल. त्यांनी हे पैसे का भरायचे?

उत्तर सोसायटीच्या उपविधीत आहे, पण एका ओळीत नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी सरकारने आदर्श उपविधी दिले आहेत. सभासदाकडून कोणती रक्कम कोणत्या हिशोबाने घ्यायची, याची यादी त्यांत आहे. पहारेकऱ्याचा पगार, कार्यालयाचा खर्च, जिन्यातली वीज असा सगळा रोजचा खर्च सेवा शुल्कात येतो आणि तो सर्व फ्लॅटमध्ये सारखा वाटला जातो. फ्लॅट दोन खोल्यांचा असो की चार खोल्यांचा. लिफ्टच्या खर्चाबाबतही, लिफ्ट असलेल्या इमारतीतल्या सगळ्यांनी सारखे पैसे द्यायचे, वापर करोत वा न करोत, असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून लिफ्टच्या मुद्द्यावर आजोबांची बाजू लंगडी पडते.

जनरेटरचं मात्र या यादीत नाव नाही. नाव नसलेल्या खर्चाचं काय करायचं, ते सर्वसाधारण सभेने ठरवायचं असतं. समितीच्या बैठकीत सहा जणांनी चहा पिता पिता ठरवलेला दर पुढच्या बिलावर छापला, तर त्यामागे सभेचं बळ नसतं. पहिली चौकशी तिथेच करावी: कोणत्या सभेत, कोणत्या ठरावाने, आणि विषयपत्रिकेवर हा विषय होता का?

दुसरी चौकशी जनरेटरच्या वायरीची. काही इमारतींत जनरेटर फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालवतो. तो खर्च सामायिक, म्हणून सर्वांमध्ये सारखा. काही इमारतींत मात्र त्याच यंत्रातून घरांतही एक लाइन जाते. वीज गेली की चेंजओव्हर पालटतो आणि छोट्या एमसीबीने मर्यादा घातलेल्या त्या लाइनवर चार दिवे, पंखे, टीव्ही चालतात. हा खाजगी वापर आहे. तो सामायिक खर्चात मिसळला की ज्याच्या घरी लाइनच नाही, तोही शेजाऱ्याच्या पंख्याचं डिझेल भरतो.

एक हिशोब मांडून पाहू. समजा, ४८ फ्लॅट, ६२.५ केव्हीएचा जनरेटर. एका महिन्यात वीज एकूण बारा तास गेली आणि ८४ लिटर डिझेल लागलं. लिटरला ९२ रुपये धरले तर ७,७२८ रुपये. जनरेटरच्या पॅनेलवरच्या मीटरने २४० युनिट दाखवले, म्हणजे युनिटला सुमारे ३२ रुपये. वीज कंपनीच्या दरापेक्षा हे बरंच महाग असतं, शिवाय जनरेटर कमी भारावर चालला तर लिटरमागे मिळणारे युनिट आणखी घटतात. पॅनेलवर सामायिक लाइनला एक आणि घरांच्या लाइनला एक असे दोन मीटर असतील तर पुढचं सोपं. समजा, सामायिक लाइनने १५० युनिट घेतले आणि तीस घरांनी मिळून ९०.

सामायिक १५० युनिटचे ४,८३० रुपये, त्यात वार्षिक देखभाल कराराचा महिन्याचा वाटा २,५०० रुपये. एकूण ७,३३०. भागिले ४८, म्हणजे प्रत्येकी साधारण १५३ रुपये. घरी लाइन नसलेल्या आजोबांचा आकडा इथेच थांबतो. ज्या घराने पाच युनिट वापरले, त्याचे १६१ रुपये वेगळे, म्हणून त्याचं बिल ३१४. आता ६०० रुपयांच्या सरसकट आकारणीकडे पुन्हा बघा: ४८ घरांकडून महिन्याला २८,८०० रुपये जमा होतात, खर्च मात्र दहा हजारांच्या आसपास. उरलेली रक्कम कदाचित नवीन बॅटरीसाठी राखली असेल, कदाचित दुसऱ्याच खड्ड्यात गेली असेल. हिशोब मागितल्याशिवाय कळणार नाही. मागायचे कागद तीनच: डिझेलची बिलं, जनरेटरवर किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरची नोंदवही आणि देखभालीचा करार. नोंदवहीतले तास आणि डिझेलचे लिटर जुळत नसतील, तर गडबड दरात नाही, टाकीत आहे.

घरांसाठी वेगळे मीटर नसले तरी लाइन असलेल्या घरांकडून ठरावीक जादा आकार घेता येतो. तो अचूक नाही, पण सरसकटपेक्षा न्याय्य आहे.

एक बारीक गोम भाड्याच्या फ्लॅटची आहे. मालक राहत नसेल आणि भाडेकरू असेल तर बिनभोगवटा शुल्क लागतं, आणि ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये, असा सरकारी आदेश २००१ पासून आहे. जनरेटरचे ६०० रुपये सेवा शुल्कात ढकलले, की त्यावरचे साठ रुपये आपोआप या शुल्कात चढतात. म्हणून रक्कम कोणत्या मथळ्याखाली आहे, तेही पाहावं. बिल मात्र सभासदालाच निघतं. भाडेकरूने काय भरायचं, हे त्या दोघांच्या करारावर.

पार्किंगचं तत्त्व उलटं आहे. तिथे सर्वांना सारखं काही नाही. ज्या सभासदाला जागा वाटून दिली आहे त्याने सभेने ठरवलेला दर द्यायचा, गाडी उभी केली की नाही हे पाहिलं जात नाही. दोन जागा असतील तर दोन्हींचे. दुचाकी आवारात लावायची असेल तर समितीची परवानगी घ्यायची आणि सभेने ठरवलेलं शुल्क द्यायचं. ज्याला जागाच दिलेली नाही, त्याच्या बिलावर पार्किंगची ओळ येऊच नये. गाडी विकली असेल तर जागा लेखी परत करावी. नुसती रिकामी ठेवली तर आकार चालूच राहतो. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर दर वर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप होतं.

‘मी बिल्डरकडून स्टिल्ट विकत घेतला आहे, मग पार्किंगचे पैसे कशाला?’ हा प्रश्न सर्रास ऐकू येतो. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, की स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि मोफा कायद्याखाली बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती इमारतीच्या सामायिक भागात मोडते. रेरा आल्यावर बंदिस्त पार्किंगची विक्री करारात नोंदवता येऊ लागली, उघड्या जागेची नाही. म्हणून फ्लॅटचा करार कोणत्या काळातला आणि त्यात नेमकं काय लिहिलंय, हे पाहूनच दावा करावा.

हे सारं सहकारी सोसायटीचं. इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर सामायिक खर्च अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटवाल्याला जास्त. पुण्यात दोन्ही प्रकार एकाच रस्त्यावर समोरासमोर दिसतात, म्हणून मित्राच्या बिलावरून स्वतःचं ताडायला जाऊ नये.

आक्षेप असला तरी सगळं बिल थांबवणं धोक्याचं. थकबाकीवर व्याज चढतं आणि उपनिबंधकाकडून वसुलीचा दाखला आणण्याची सोय सोसायटीकडे आहे. मान्य रक्कम वेळेवर भरावी, वादाची रक्कम हरकत नोंदवून भरावी आणि समितीला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. उत्तर आलं नाही तर उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, आणि आकारणीच बेकायदा आहे असा वाद असेल तर सहकार न्यायालयात जाता येतं. आजोबांनी मात्र यातलं काही करण्याआधी सचिवांकडे ठरावाची प्रत मागावी. बऱ्याच सोसायट्यांत तो ठराव सापडतच नाही, आणि मग पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर जनरेटरचा विषय नव्याने येतो.