आधार मोडल्याचा आभास

मे 2022 पासून चेनलिंक या नाण्याचा भाव वर्षभर साधारण साडेपाच ते साडेनऊ डॉलरच्या पट्ट्यात फिरत राहिला. 10 जून 2023 रोजी तो एकाएकी पाच डॉलरच्याही खाली कोसळला. आधारपातळीखाली लावून ठेवलेल्या स्टॉप-लॉसमुळे अनेकांचा माल आपोआप विकला गेला. मोठ्या खरेदीदारास एरवी इतका माल एकगठ्ठा कोठून मिळणार? महिनाअखेरीपर्यंत भाव पट्ट्यात परतला, ऑक्टोबरात वरची सीमाही ओलांडली. वायकॉफच्या परिभाषेत ही ‘स्प्रिंग’. मात्र तिची ओळख घसरणीच्या दिवशी पटत नाही. परतलेला भाव पुन्हा खाली येताना उलाढाल आटली व नवा तळ टिकला, तरच ती स्प्रिंग. विक्री वाढली, तर आधार खरोखरच मोडलेला असतो.