पार्सलवाल्याचा कोड

“तुमचं पार्सल आलंय, पत्ता सापडत नाही. डिलिव्हरीवाल्याशी बोलायला हा कोड डायल करा,” असा फोन आला की आपण सावध व्हावे. कोड असा असतो: आधी `*21*`, मग दहा आकडी मोबाइल नंबर, शेवटी `#`. तो डायल करताच आपले सगळे कॉल त्या नंबरवर वळतात. एसएमएस आपल्याकडेच येतात. पण ठग व्हॉट्सअ‍ॅपचा कोड कॉलवरून मागवतो, तो त्यालाच ऐकू येतो आणि आपल्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले जातात.

फोन अचानक वाजेनासा झाला, तर आधी तपासावे, मग वळवलेले कॉल बंद करावेत:

```
*#21#
##002#
```

अम्मी-अब्बांना एवढे सांगून ठेवू: पार्सलवाल्याशी बोलायला `*` आणि `#` लागत नाहीत.